एका अंड्याला एक वाटी दही? वहिनीच्या केकचं काय झालं ते बघा

«अंड्याला रामराम! एका अंड्याऐवजी एक वाटी दही किंवा एक अख्खं केळं. सोडा एक मोठा चमचा. मिश्रण अर्धा तास झाकून ठेवा, छान फुगतं. सहा अंड्यांच्या स्पंज केकलाही चालतं, कुणाला कळणारसुद्धा नाही!»

हा मेसेज आमच्या दांडिया बाजारातल्या वहिनीकडे तीन ग्रुपांतून आला. घरात आजी अंड्याला हात लावत नाहीत, त्यात भाच्याचा वाढदिवस. तीन अंड्यांच्या रेसिपीत पाव किलो मैदा होता. वहिनीने मेसेजवर विश्वास ठेवून तीन वाट्या दही ओतलं आणि रात्री दहाला फोन केला, "ताई, वरून करपलाय आणि आत शिरा झालाय."

होणारच. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषणतक्त्यात मोठ्या अंड्याचं कवच काढून वजन 50 ग्रॅम दिलंय. त्यातलं तीन चतुर्थांश पाणी, सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि पाच ग्रॅमच्या आसपास चरबी. आपलं अंडं बहुधा याहून थोडं लहानच असतं. म्हणजे तीन अंड्यांचं मिळून साधारण 115 ग्रॅम पाणी. आमटीची वाटी 150 मिलीची धरली, तर तीन वाट्या दह्यात पावणेचारशे ग्रॅमच्या वर पाणी आलं. पाव किलो मैद्यावर पाव किलो जादा पाणी! मग भट्टीने काय करायचं? कापल्यावर मध्ये पिवळट, ओलसर, दाबलेला पट्टा दिसतो तो हाच. वहिनीने सुई कडेला टोचली होती. तिथे ती कोरडीच निघणार, टोचायची मधोमध.

एका अंड्याला दही पाव कप, म्हणजे 60 मिली. मापाचा कप नसेल तर चार मोठे चमचे. तीन अंड्यांना पाऊण कप. दही घट्ट आणि ताजं हवं, चक्का नको. घरचं पातळ असेल तर पंधरा मिनिटं फडक्यात टांगा, आणि रेसिपीतलं दूध दोन-तीन मोठे चमचे कमी करा.

आता सोडा. यावर मी जरा जास्तच चिडलेय. अर्धा कप दह्याचा आंबटपणा मारायला पाव छोटा चमचा सोडा पुरतो. वहिनीच्या त्या तीन वाट्यांनाही छोटा एक चमचा झाला असता. मोठा चमचा म्हणजे त्याच्या तिप्पट. उरलेला सोडा कुठे जात नाही, साबणासारखी चव देतो आणि केकला तांबूस-पिवळा रंग आणतो. पाव किलो मैदा आणि पाऊण कप दह्याला पाव छोटा चमचा सोडा आणि दीड छोटा चमचा बेकिंग पावडर घाला, बस.

आणि अर्धा तास झाकून ठेवायचं? अहो, खमणात सोडा शेवटी घालून भांडं लगेच वाफेवर ठेवायचं, हे बडोद्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं. सोड्याला दही लागलं की वायू सुटायला लागतो. अर्ध्या तासात बरेचसे बुडबुडे वाटीतच फुटून जातात आणि केक बसतो. ओलं-कोरडं एकत्र केलं की थेट भट्टीत.

केळ्याबद्दल थोडं खरं आहे, हे नाइलाजाने मान्य. पण अख्खं नाही. मध्यम केळ्याचं अर्धं, कुस्करून पाव कप, एका अंड्याला. तेही चॉकलेट किंवा मसाल्याच्या केकमध्ये, कारण केळ्याचा वास लपत नाही. केळं ओलावा धरतं, पण तापल्यावर घट्ट होणारी अंड्याची प्रथिनं त्यात नसतात, म्हणून केक जड येतो. जवस वापरायचे तर एक मोठा चमचा पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा, बुळबुळीत झाली की घाला. हेही एका अंड्याचंच माप.

सहा अंड्यांच्या स्पंजचं मात्र सोडून द्या. त्यात अंडी फेटून फेस करतात, तोच केकला उचलतो. दह्याचा फेस होत नाही, केळ्याचाही नाही. दोन अंड्यांपर्यंत अदलाबदल बिनधास्त करा, तीनला मोजून-मापून. त्यापुढे कंडेन्स्ड मिल्कची बिनअंड्याची वेगळी रेसिपीच घ्या.

दुसऱ्या दिवशी वहिनीने पाऊण कप दह्याने पुन्हा केला, 170 अंशांवर चाळीस मिनिटं. वर एक बारीक भेग पडली आणि रंग थोडा फिका आला. आजींनी दोन तुकडे खाल्ले आणि विचारलं, "काल काय केलं होतंस गं, खीर?"