फास्टिंग इन्सुलिन २२ वरून १३ वर आलं, म्हणजे नेमकं काय झालं?

फास्टिंग इन्सुलिनची टेस्ट उगाच करू नका, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावर वाचकाची प्रतिक्रिया:

«लेख वाचला, पटला नाही. माझ्या मिस्टरांची उपाशीपोटी साखर ९२, एचबीए१सी ५.५. डॉक्टर म्हणाले सगळं नॉर्मल. आम्ही स्वतःहून फास्टिंग इन्सुलिन केलं तर २२ आलं, होमा-आयआर ५. तीन महिने भात कमी, गोड बंद, रोज चालणं. आता इन्सुलिन १३, होमा ३. ही टेस्ट केली नसती तर आम्हाला कळलंच नसतं. साखर वाढण्याच्या कितीतरी वर्षं आधी इन्सुलिन वाढतं हे तुम्हाला माहीत असताना लोकांना ही टेस्ट करू नका असं का सांगता? (घोडबंदर रोड, ठाणे)»

ताई, तुम्ही मागाहून दोन्ही रिपोर्टचे फोटोही पाठवलेत, त्यामुळे मोघम न बोलता उत्तर देता येतंय.

इन्सुलिन आधी वाढतं हे अगदी खरं आहे. लिव्हर आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून साखर ताब्यात ठेवतं आणि हे वर्षानुवर्षं चालू शकतं. माझं म्हणणं एवढंच आहे की रक्ताच्या एका नळीतून आलेला इन्सुलिनचा आकडा ही गोष्ट नीट मोजत नाही.

शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही याचा अंदाज म्हणजे होमा: उपाशीपोटीची साखर गुणिले उपाशीपोटीचं इन्सुलिन, भागिले ४०५. हे ४०५ कुठून आले? १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी हे गणित मांडलं, तेव्हा निरोगी तरुण माणसासाठी साखर ८१ आणि इन्सुलिन ५ धरलं होतं. ८१ गुणिले ५ म्हणजे ४०५. त्या माणसाचा होमा १. तुमच्या मिस्टरांचं ९२ गुणिले २२ केलं की २०२४ होतात आणि भागाकार ५ येतो. दुसऱ्या वेळी साखर ९४, इन्सुलिन १३, होमा ३.

आता माझ्याकडे येणाऱ्या, कळव्याच्या एका निवृत्त गृहस्थांचा रिपोर्ट घ्या. त्यांची साखर १६८ आणि इन्सुलिन ७. गुणाकार ११७६, होमा २.९. इन्सुलिनसमोर ‘नॉर्मल’ छापलेलं बघून ते खुशीत आले होते. त्यांचा एचबीए१सी होता ८.१. म्हणजे सरळसरळ डायबेटिस. त्यांचं इन्सुलिन कमी होतं ते स्वादुपिंड थकलं होतं म्हणून. १६८ साखर समोर असताना निरोगी स्वादुपिंड ७ वर थांबत नाही. तुमच्या मिस्टरांचा आताचा होमा आणि या गृहस्थांचा होमा जवळपास सारखाच, पण एकाला डायबेटिस नाही आणि दुसऱ्याला गोळ्या सुरू कराव्या लागल्या. डायबेटिसचं निदान साखरेवरून होतं: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, आणि त्रास नसेल तर निदान पक्कं करायला आणखी एक रिपोर्ट. इन्सुलिनसाठी अशी रेघ कुणालाच मारता आलेली नाही.

ती का मारता येत नाही, याचं उत्तर तुमच्याच दोन कागदांवर आहे. पहिली टेस्ट हेल्थ पॅकेजमधली, घरी येऊन रक्त नेलेली. दुसरी स्टेशनजवळच्या लॅबमधली. दोन्ही ठिकाणची मशिनं वेगळी, किट वेगळे. साखरेचं मोजमाप जगभर एका मापाला बांधलेलं आहे, इन्सुलिनचं तसं नाही. एकच रक्त वेगवेगळ्या किटवर चालवलं तर आकड्यांत दुपटीपर्यंत फरक पडू शकतो. मी गेल्या वर्षी स्वतःचं रक्त एकाच वेळी दोन नळ्यांत काढून दोन लॅबना दिलं होतं. एकीकडून ९.८ आलं, दुसरीकडून १४.६.

दुसऱ्या रिपोर्टच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक शेरा आहे, तो तुमच्या नजरेतून सुटला असावा: नमुना ‘स्लाइटली हिमोलाइज्ड’. रक्त ओढताना किंवा नेताना लाल पेशी फुटल्या की वरचं पिवळसर पाणी गुलाबी दिसायला लागतं. या लाल पेशींमध्ये इन्सुलिन मोडणारं एन्झाइम असतं. ते बाहेर पडलं की नळीतल्या नळीत इन्सुलिन कमी होतं. त्यामुळे ते १३ खरंच १३ होते की नळीत उतरले होते, हे मला सांगता येणार नाही आणि लॅबलाही नाही. त्यात स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं तेही दर काही मिनिटांनी, लाटांसारखं, आणि रक्तातलं इन्सुलिन पाचेक मिनिटांत निम्मं होतं. म्हणून संशोधनात पाच-पाच मिनिटांनी तीन नमुने घेऊन सरासरी काढतात. पॅकेजमध्ये तसं कोण करणार?

मग तुमच्या मेहनतीचा उपयोग झाला नाही का? झालाय, पण तो दुसऱ्या ओळीत दिसतो. पहिल्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी २१४ आणि एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३५ होतं, दुसऱ्यात १४८ आणि ३९. हा बदल माझ्या दृष्टीने २२ चे १३ होण्यापेक्षा कितीतरी जास्त भरवशाचा. चरबी साठलेलं लिव्हर इन्सुलिनचं ऐकत नाही आणि तेच लिव्हर जास्त ट्रायग्लिसराइड रक्तात सोडतं. म्हणजे पहिल्या दिवशीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तुम्हाला हवं ते उत्तर होतं. ‘सगळं नॉर्मल’ म्हणून घरी पाठवणं चूक होतं, तुमचा राग योग्य आहे. मात्र चुकलं ते २१४ आणि ३५ या आकड्यांकडे न बघणं.

पोटाचा घेर कुणी मोजला होता का? पॅन्टचा नंबर सांगू नका, पॅन्ट पोटाच्या खाली बसते. शिंप्याची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावा, श्वास सोडल्यावर वाचा. आपल्याकडच्या पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि बायकांमध्ये ८० ही मर्यादा धरतात. वजन बरोबर असूनही आपल्या माणसांच्या अंगात चरबी जास्त असते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलंय. म्हणून नुसत्या वजनकाट्यावर जाऊ नका.

इन्सुलिनची टेस्ट निरुपयोगी आहे असं मी म्हटलेलं नाही. कुणाची साखर वारंवार ५५ च्या खाली जात असेल तर त्या क्षणी काढलेल्या रक्तातलं इन्सुलिन आणि स्वादुपिंडातून त्याच्यासोबतच सुटणारं सी-पेप्टाइड फार मोलाचं ठरतं. मोठ्या अभ्यासांतही होमा कामाला येतो, कारण तिथे सगळे नमुने एकाच लॅबमध्ये, एकाच किटवर चालवता येतात. एका माणसाच्या उपचारात मात्र २२ आलं काय आणि १५ आलं काय, मी जे सांगणार ते बदलत नाही.

तुमच्या घरासाठी मी दर तीन महिन्यांचं इन्सुलिन थांबवीन आणि त्या पैशात एकदा ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट करून घेईन. रात्री नेहमीसारखं जेवायचं. आधीचे तीन दिवस भात-पोळीही नेहमीइतकी खायची, खूप कमी केली तर साखर उगाच जास्त चढते. सकाळी उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाच मिनिटांत प्यायचं, आणि दोन तास लॅबमध्येच बसून राहायचं. स्टेशनपर्यंत चक्कर मारून यायचं नाही. दोन तासांचा आकडा १४० ते १९९ आला तर तो प्रीडायबेटिस, मग आधीचे ९२ आणि ५.५ कितीही चांगले दिसोत. १४० च्या खाली आला तर पुढच्या वर्षी साखर, एचबीए१सी, लिपिड आणि टेप एवढंच पुरे. आकडा आला की इथे लिहा, घेरही लिहा.