नुसत्या दोन तारखा पाठवून का भागत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "ताई, ज्योतिषाला मेसेज कसा लिहावा यावर एवढं मोठं लिहायची काही गरज नव्हती. आमच्या घरी चाळीस वर्षं गुरुजींना दोन तारखा आणि वेळा देतात, गुण किती ते कळतं, संपला विषय. आणि नंबर टाकून प्रश्न विचारणं म्हणजे त्यांची परीक्षा घेणं झालं, विद्या असेल त्याला पत्रिकेत सगळं दिसतं. वरून वेळ अंदाजे आहे असं लिहिलंत तर उलट त्यांना पळवाटच मिळेल."

काका, नमस्कार. तुम्ही रागावलात तरी नीट वाचून लिहिलंत, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन सुटका करून घेत नाही. मी काही धंद्याने ज्योतिषी नाही, हौशी आहे, नात्यातल्या पत्रिका बारा-तेरा वर्षं मांडते. आणि पत्रिका जुळली म्हणजे संसार चांगला होतो का या वादात मी इथे पडत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. मी लिहिलं ते त्याच्या आधीच्या गणिताबद्दल होतं.

त्या पोस्टमागे जो प्रसंग होता तो मी तेव्हा लिहिला नव्हता, आता लिहिते. माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं. महिना-वर्ष मुद्दाम देत नाही, पोरीची खासगी माहिती आहे. तिला एक चांगलं स्थळ आलं, मुलाचं नक्षत्र रेवती. मुलीची पत्रिका बहिणीने झेरॉक्सवाल्याकडून कॉम्प्युटरवर काढून आणलेली, त्यात रोहिणी नक्षत्र, वृषभ रास. मुलाकडच्यांनी ती त्यांच्या गुरुजींना दाखवली आणि निरोप आला, नाडी एक आहे, पुढे नको. रोहिणी आणि रेवती दोन्ही अंत्य नाडीची, ३६ पैकी नाडीचे ८ गुण असतात ते सगळे गेले, आणि नाडी गेली की बरीच घरं बाकीचे २८ बघतच नाहीत. गुरुजींचं काही चुकलं नव्हतं, त्यांना जे दिलं त्यावर त्यांनी बरोबर सांगितलं.

बहीण रडवेली होऊन माझ्याकडे आली, तेव्हा मी सहज विचारलं की बारशाला नावरस नाव काय काढलं होतं. तिच्या सासऱ्यांची जुनी वही निघाली, त्यात लिहिलेलं, अक्षर "वो". आणि प्रिंटवर छापलेलं अक्षर "वा". आता रोहिणीची चार चरणांची अक्षरं ओ, वा, वी, वू आणि मृगाची वे, वो, का, की, म्हणजे वहीप्रमाणे पोरगी मृग नक्षत्राच्या दुसऱ्या चरणाची आणि प्रिंटप्रमाणे रोहिणीच्या दुसऱ्या चरणाची. बरोबर एका नक्षत्राचा फरक, आणि चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो. म्हणजे वेळ नाही, अख्खी तारीखच चुकली होती.

झालं होतं असं, की पोरगी जन्मली १३ तारखेची रात्र उलटून बारा वाजून वीस मिनिटांनी. घरात सगळे "तेराला रात्री १२.२०" म्हणायचे, आणि त्यांचंही चूक नाही, पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो त्यामुळे आपल्या आज्यांसाठी ती तेराचीच रात्र. पण घड्याळाच्या हिशेबाने १४ लागली होती. दुकानातल्या पोराने टाकलं १३ आणि ००:२०, म्हणजे प्रत्यक्ष जन्माच्या चोवीस तास आधीची वेळ. दवाखान्याचा कागद शोधला तर त्यावर स्पष्ट १४.

आता गंमत बघा. बरोबर तारीख टाकल्यावर मृग आलं, मृगाची नाडी मध्य, मुलाची अंत्य, आठच्या आठ गुण परत आले. रास तीच वृषभ राहिली म्हणून वर्ण, वश्य, ग्रहमैत्री, भकूट जागेवर. योनी दोन्ही नक्षत्रांची सर्पच, तारेचे गुणही दोन्हीकडे दीडच. गणात फार तर एखाद्या गुणाचा फरक, तोही कोष्टक कुणाचं यावर. म्हणजे एका लग्नाला होकार की नकार हे फक्त "तेराची रात्र" या दोन शब्दांवर लटकलं होतं. महादशाही बदलली ना. प्रिंटमध्ये पोरीला बत्तिसाव्या वर्षापर्यंत राहू दाखवला होता आणि त्यावरून बहीण वर्षभर धास्तावलेली, बरोबर पत्रिकेत राहू तेविसाव्या वर्षीच संपून गुरू लागला होता. पोरगी आता सत्तावीस.

आणि तरी तिच्या मंगळाचं उत्तर दोन्ही पत्रिकांत सेमच आलं. कारण मंगळ बघतात लग्नापासून, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीपासून, पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या, बाराव्या स्थानात आहे का ते, आणि लग्न ठरतं घड्याळाच्या वेळेवर. वेळ तीच, दिवस एक मागे, तर लग्न जेमतेम एका अंशाने सरकतं. उलट तारीख बरोबर आणि वेळ अर्ध्या तासाने चुकली तर चंद्र पाव अंशच हलतो, म्हणजे गुण सहसा बदलतच नाहीत, पण लग्न सात-आठ अंश पुढे जातं आणि सीमेवर असेल तर रासच बदलते. म्हणून म्हणते काका, तारखेची चूक गुणांवर आणि दशेवर येते, वेळेची चूक मंगळावर येते, आणि "जुळते का" एवढंच विचारलं की दोन्ही एका आकड्यात मिसळून जातात, काय कशावरून आलं ते कुणालाच कळत नाही.

मुलाच्या बाबतीत नेमकी ती दुसरी चूक होऊ शकत होती. त्याची जन्मवेळ आजीच्या तोंडची, "दिवे लागले होते", म्हणजे सहा ते साडेसहा. जानेवारीतला जन्म, नागपूरचा. सहाला मिथुन लग्न येतं आणि मंगळ धनू राशीत, म्हणजे सातवा, कडक मंगळ. साडेसहाला कर्क लग्न, तोच मंगळ सहावा, मंगळ नाहीच. शिवाय शाळेच्या दाखल्यावर त्याची तारीख १ जून, आपल्याकडे मास्तरांनी अर्ध्या गावाचे वाढदिवस १ जूनला घातलेत ते काही नवीन नाही. बायोडाटावर तीच छापली गेली असती तर रेवती वगैरे सगळंच संपलं असतं.

मग आम्ही आमच्या गुरुजींना मेसेज पाठवला. तोच पोस्टमध्ये नमुना म्हणून टाकला होता, तुम्हाला लांबलचक वाटला तो. परत देते, महिने-वर्षं गाळून:

"गुरुजी नमस्कार. मुलगी: जन्म १४ तारीख, मध्यरात्रीनंतर १२ वाजून २० मिनिटं (घरात १३ ची रात्र म्हणतात). ठिकाण चिपळूण, आजोळी. वेळ दवाखान्याच्या कागदावरून, पाच मिनिटं मागेपुढे. जुन्या वहीत नावरस अक्षर वो. मुलगा: जन्म जानेवारी, नागपूर, संध्याकाळी ६ ते ६.३०, आजीच्या सांगण्यावरून. दाखल्यावरची १ जून खरी नाही. प्रश्न: १) दोघांचं नक्षत्र, चरण काय येतं आणि तुम्ही कोणतं पंचांग धरता? २) नाडी, भकूट, गण वेगवेगळे सांगाल का, आणि दोष निघाला तर त्याला तुम्ही मानता असा काही परिहार आहे का? ३) मुलाला मंगळ ६ च्या वेळेने आणि ६.३० च्या वेळेने, दोन्ही बघून सांगाल का? ४) दोघांची सध्याची महादशा कोणती, कधीपर्यंत?"

मोबाईलवर एका स्क्रीनमध्ये मावतो. यात परीक्षा कुठे आहे सांगा, डॉक्टरकडे जाताना आपण जुने रिपोर्ट नेतो तसंच हे. आजोळ लिहिलं कारण पहिलं बाळंतपण माहेरी आणि बायोडाटावर गाव सासरचं, हे घरोघरी असतं. पंचांग विचारलं ते मात्र मुद्दाम. दातेमध्ये आणि टिळक पंचांगात अयनांशाचा, म्हणजे राशींची सुरुवात कुठून धरायची याचा, जवळपास चार अंशांचा फरक आहे, आणि कोकणात, पुण्यातल्या काही घरांत अजून टिळकच चालतं. आमच्या पोरीचा चंद्र दात्यांप्रमाणे वृषभेच्या सत्तावीस अंशांवर, टिळकांप्रमाणे तो मिथुनेत जातो, रासच बदलते. एकाने दाते आणि दुसऱ्याने टिळक धरलं तर दोघांचे आकडे वेगळे येणार आणि दोघंही खरं बोलत असणार. मग आपण म्हणतो, ज्योतिषी खोटे.

पळवाटेबद्दल तुमचं म्हणणं मला आधी पटलं होतं, खरंच. पण झालं उलटं. वेळ नक्की आहे असं ठोकून दिलं असतं तर गुरुजींनी एकच वेळ धरून मंगळ आहे किंवा नाही असं सांगितलं असतं आणि ते चुकलं तर "वेळच चुकीची दिलीत" हे वाक्य त्यांच्याकडे तयार होतं. दोन्ही वेळा दिल्यावर त्यांना दोन्ही उत्तरं द्यावी लागली. त्यांचं उत्तर चार ओळींचं आलं: मृग दुसरं चरण, दाते धरतो. नाडी, भकूट, गण तिन्ही ठीक. मुलाला मंगळ सहाच्या वेळेने आहे, साडेसहाच्या वेळेने नाही, आजींना पुन्हा विचारा. दशा अमुक अमुक.

एक जाता जाता, पोस्टखाली दुसऱ्या एका ताईंनी विचारलेलं म्हणून. नाडी एक म्हणजे रक्तगट एक, म्हणून मूल होत नाही, हे ऐकीव आहे. नाडी चंद्राच्या नक्षत्रावरून येते, रक्ताशी तिचा संबंध नाही, आणि नवरा-बायकोचा रक्तगट एक असला तरी मुलं व्यवस्थित होतात. मुलांच्या तब्येतीची काळजी असेल तर दोघांची थॅलेसेमियाची रक्ततपासणी करून घ्या, तो प्रश्न गुरुजींच्या मेसेजमध्ये नको.

तर आजींना पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, दिवे लागले होते आणि दूधवाला येऊन गेला होता. दूधवाला किती वाजता यायचा, तर दिवे लागले की. तिथेच अडकलं आहे अजून, मुलाचे मामा नगरपालिकेतून जन्मनोंद काढतायत, पण त्यावर वेळ असेल याची मला फारशी आशा नाही. दरम्यान पोरगा-पोरगी दोनदा भेटून आलेत आणि मंगळाचं टेन्शन त्या दोघांना आहे असं काही दिसत नाही.

काका, तुमच्या घरी चाळीस वर्षांत ज्या पत्रिका दाखवल्या त्यात कुणाचा जन्म रात्री बारा ते सूर्योदयाच्या मधला आहे का? असेल तर जुन्या वहीतलं नावरस अक्षर आणि प्रिंटवरचं अक्षर एकदा शेजारी ठेवून बघा आणि काय निघालं ते इथेच लिहा.