पेरी मेसन हरला तो खटला कोणता?

गेल्या रविवारी कोथरूडला आत्याकडे चहा घेत असताना तिने विचारले, “अरे, पेरी मेसन हरतो तो भाग कोणता रे?” सहसा कधीच न हरणाऱ्या या बचाव पक्षाच्या वकिलावरील जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेचे अनेक भाग डीव्हीडीवर सलग पाहिल्यामुळे तिच्या डोक्यात सगळ्यांची सरमिसळ झाली होती, निकाल मेसनच्या विरुद्ध गेला, एवढेच तिला नक्की आठवत होते.

१९५७ ते १९६६ या काळात या मालिकेचे २७१ भाग झाले, त्यामुळे न्यायाधीशाच्या चेहऱ्यावरून भाग शोधण्यात अर्थ नाही. केनेथ मॅकडोनाल्डसारखे मोजके नट आलटून पालटून त्याच खुर्चीवर बसलेले दिसतात. सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर तर जवळजवळ दर आठवड्याला हरायलाच येतो. म्हणून मी आत्याला वेगळे विचारले: ज्यूरी होती का?

या प्रश्नाने बरेच काम होते. मालिकेतील बहुतेक खटले प्राथमिक सुनावणीतच निकालात निघतात. आरोपीवर खटला चालवण्याइतका पुरावा आहे का, हे तिथे एकटा न्यायाधीश ठरवतो, त्यामुळे ज्यूरीची बाके भरण्यासाठी माणसे आणण्याचा निर्मात्यांचा खर्चही वाचत असे. ज्यूरी आठवत असेल, तर शोध एकदम आटोक्यात येतो.

“होती,” आत्या म्हणाली. मग मी दुसरा प्रश्न टाकला: निकाल सुरुवातीला लागला की शेवटी? शेवटी लागला असता तर मी १९५८ मधील ‘द केस ऑफ द टेरिफाइड टायपिस्ट’ सांगितला असता. तिथे अशील दोषी ठरतो, पण ज्या नावाने त्याच्यावर खटला चालला तो माणूसच तो नसतो. आत्याला मात्र पहिल्या काही मिनिटांतच मृत्युदंडाची शिक्षा झालेली बाई आठवत होती. म्हणजे १९६३ मधील ‘द केस ऑफ द डेडली व्हर्डिक्ट’. मावशीच्या खुनाबद्दल दोषी ठरलेल्या जॅनिस बार्टनने स्वतःच्या वकिलापासूनच महत्त्वाची गोष्ट लपवलेली असते, आणि उरलेला भाग म्हणजे ती गोष्ट बाहेर काढून खरा खुनी शोधण्याची धावपळ आहे.

माझ्या मते हा मालिकेतील सर्वांत प्रामाणिक भाग आहे, कारण एरवी उलटतपासणीत कोणीतरी उठून गुन्हा कबूल करतो आणि मेसनला तपास अर्धवट असल्याची किंमत कधी मोजावीच लागत नाही. (त्याच वर्षी ‘द केस ऑफ द विटलेस विटनेस’च्या आरंभी तो एक दिवाणी अपील हरतो, पण तिथे कोणाच्या जिवावर बेतलेले नसते.)

आत्याला हे पटले नाही. “वकिलाशी खोटे बोलली ती, मग हार मेसनच्या नावावर कशी मांडतोस?” असे म्हणून तिने तो भाग पुन्हा लावला आणि निकाल वाचणाऱ्या माणसाचा चेहरा नीट दिसावा म्हणून मला खिडकीचा पडदा ओढायला लावला.