रिमोटवरच्या चार रंगांचा ‘गुप्त अर्थ’: त्या फॉरवर्डला उत्तर

*“टीव्ही रिमोटवरच्या रंगीत बटणांचं रहस्य बहुतेकांना माहीतच नाही! लाल म्हणजे बंद किंवा मागे, हिरवं म्हणजे ठीक आहे, पिवळं दाबलं की चित्र सुधारतं, निळ्याने कंपनीचा गुप्त मेनू उघडतो. चॅनेल गेली तर इनपुट दाबत राहा, टीव्ही ती पुन्हा शोधतो. ५ वरचा ठिपका रीसेटचा असतो. स्लीप दाबा, वीज वाचवा. सगळ्यांना पाठवा.”*

चारही रंगांचं उत्तर एकत्रच देतो, कारण चूक एकच आहे. रंगीत बटणाला स्वतःचं असं काही काम नसतं. रिमोट टीव्हीला एवढंच कळवतो की ‘लाल दाबलं’. त्यावर काय करायचं, हे त्या क्षणी पडद्यावर जे उघडलेलं असेल ते ठरवतं. टीव्हीसाठी ॲप लिहिणाऱ्यांना ही बटणं VK_RED, VK_GREEN, VK_YELLOW आणि VK_BLUE अशा नावांनी मिळतात. प्रसारणाला इंटरनेटवरच्या सेवांची जोड देणाऱ्या युरोपातल्या एचबीबीटीव्ही पद्धतीत त्यांचे आकडे साधारणपणे 403 ते 406 असे ओळीने येतात. आकडा आला की पान पुढे न्यायचं, यादी क्रमाने लावायची की काहीच करायचं नाही, हा ॲप लिहिणाऱ्याचा प्रश्न.

मग रंगच का, आणि चारच का? याचं मूळ टेलिटेक्स्टमध्ये आहे. बीबीसीने १९७४ मध्ये ‘सीफॅक्स’ ही टेलिटेक्स्ट सेवा सुरू केली. टीव्हीच्या सिग्नलबरोबरच बातम्या, हवामान, खेळांचे निकाल अशी मजकुराची पानं यायची. पानाला तीन आकडी क्रमांक असे. तो रिमोटवर दाबायचा आणि वाट बघत बसायचं, कारण पानं एकामागून एक फिरत्या रांगेत प्रसारित होत. तुमचं पान नुकतंच निघून गेलेलं असेल तर ते पुन्हा येईपर्यंत थांबणं आलं.

ही वाट कमी करायला १९८० च्या दशकात ‘फास्टटेक्स्ट’ आलं. प्रसारक प्रत्येक पानासोबत पुढच्या चार संभाव्य पानांचे क्रमांक पाठवू लागला आणि तळाच्या ओळीत त्यांची नावं चार रंगांत दिसू लागली. टीव्ही ती चार पानं आधीच स्मृतीत भरून ठेवी, त्यामुळे रंगीत बटण दाबताच पान समोर येई. खेळाच्या पानावर लाल म्हणजे फुटबॉल असू शकतं आणि हवामानाच्या पानावर तेच लाल म्हणजे उद्याचा अंदाज. अर्थ दर पानागणिक बदलावा म्हणूनच तर बटणांवर शब्द न छापता रंग दिले. एक गंमत: पडद्यावरचं चौथं नाव निळ्यात नव्हे, आकाशी रंगात असायचं. काळ्या पार्श्वभूमीवर गडद निळी अक्षरं वाचवत नाहीत. रिमोटवर मात्र ते बटण बहुधा निळंच.

रंगांचा क्रमही सगळीकडे सारखा नाही. युरोपात लाल, हिरवा, पिवळा, निळा असा. जपानमध्ये निळा, लाल, हिरवा, पिवळा.

‘लाल म्हणजे मागे’ हे पाठ करून ठेवण्यात नुकसान कसं होतं ते पाहा. चॅनेलच्या यादीत फेरफार करायचा पडदा उघडा. बऱ्याच टीव्हींवर खाली रंगीत पट्टी दिसते: एका रंगासमोर ‘काढून टाका’, दुसऱ्यासमोर ‘हलवा’, तिसऱ्यासमोर ‘वगळा’. तिथे ‘काढून टाका’ लालसमोर असेल आणि मागे जायचं म्हणून कुणी लाल दाबलं, तर निवडलेलं चॅनेल यादीतून जातं. म्हणून आधी पट्टी वाचायची. पट्टी नसेल तर बहुधा त्या पडद्यावर रंगीत बटणांना काम नाही आणि दाबूनही काही होत नाही. बटण बिघडलं असं समजून रिमोट आपटायची गरज नाही.

आणखी एका कारणाने ही बटणं मुकी होतात. सेट-टॉप बॉक्स HDMI ने जोडलेला असेल, तर टीव्हीला त्या तारेतून चित्र आणि आवाज मिळतो. प्रसारणासोबतची टेलिटेक्स्टची किंवा लाल बटण दाबून उघडणाऱ्या जादा सेवेची माहिती बॉक्सपाशीच थांबते. अशा वेळी टीव्हीच्या रिमोटवरचं लाल दाबून सेवा उघडत नाही. बॉक्सच्या रिमोटवरचं दाबावं लागतं, आणि बॉक्सला ती सेवा येत असली तरच काही घडतं. दोन्ही यंत्रं तारेतून एकमेकांना आज्ञा पोहोचवत असतील तर टीव्हीचा रिमोटही चालू शकतो, पण प्रत्येक जोडीत तसं होईलच असं नाही.

निळ्यामागच्या गुप्त मेनूचं एवढंच की दुरुस्तीवाल्यांसाठी वेगळा मेनू असतो हे खरं. तो एका रंगीत बटणाने उघडत नाही. त्याची पद्धत कंपनीगणिक, मॉडेलगणिक वेगळी असते, आणि आत पॅनेलच्या अशा जुळण्या असतात की चुकीचा आकडा पडला तर चित्र बिघडतं. तिकडे न गेलेलंच बरं.

आता इनपुट. माझ्या मते या फॉरवर्डमधला सर्वांत त्रासदायक सल्ला हाच. इनपुट किंवा सोर्स बटण चॅनेल शोधत नाही; टीव्हीने मागच्या कोणत्या खाचेकडे पाहायचं तेवढं ते ठरवतं. समजा बॉक्स HDMI 2 मध्ये आहे आणि कुणाच्या तरी हातून टीव्ही HDMI 1 वर गेला. पडद्यावर No Signal येतं. माणूस घाईने इनपुट दाबत सुटतो, HDMI 2 वर पोहोचतोही, पण चित्र जुळायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात तो पुढे निघून गेलेला असतो. दोन-तीन फेऱ्या झाल्या की ‘बॉक्स गेला’ असा निकाल लागतो. त्याऐवजी एकदा दाबा, यादी दिसली की बाणाने HDMI 2 वर या, ओके करा आणि हात बाजूला ठेवा.

चूक इनपुटची आहे की सिग्नलची, हे ओळखायला बॉक्सच्या रिमोटवरचं मेनू बटण पुरतं. बॉक्सचा मेनू उमटला तर इनपुट बरोबर आहे आणि अडचण बॉक्सकडे येणाऱ्या सिग्नलमध्ये आहे. मेनू उमटलाच नाही, तर टीव्ही दुसऱ्याच खाचेकडे बघतोय, तार सैल आहे किंवा बॉक्स बंद आहे.

चॅनेल शोधणं म्हणजे ट्यूनिंग, आणि ते सेटिंगमध्ये असतं. टीव्हीच्या अँटेनाच्या खाचेत थेट तार लावली असेल तरच त्याचा उपयोग. बॉक्सवरून बघणाऱ्याने टीव्हीचं ट्यूनिंग चालवून काही हाती लागत नाही. अँटेनावाल्याने ते चालवलं तर नीट लावलेला क्रम पुसला जाऊ शकतो, तेव्हा तेही जपून.

५ वरचा उंचवटा बोटासाठी आहे. अंधारात किंवा न बघता मधलं बटण सापडलं की बाकीचे आकडे त्यावरून कळतात. त्याखाली रीसेट वगैरे काही नाही.

स्लीप म्हणजे ठरावीक वेळाने टीव्ही बंद करणारं घड्याळ. दाबताक्षणी विजेत काही फरक पडत नाही. तुम्ही झोपी गेलात आणि टीव्ही आपोआप बंद झाला तर त्यापुढची वीज वाचते. बऱ्याच टीव्हींवर ते पुन्हा दाबलं की उरलेली मिनिटं दिसतात आणि दाबत गेलं की आकडा बदलत शेवटी ‘बंद’वर येतो.