वीस लाखांत बारा वर्ग की आठ?

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या एका गटाने डिजिटल वर्गांसाठी २० लाख रुपये द्यायचं कबूल केलं आहे. शाळा गिरणगावातली, जुनी, मराठी माध्यमाची, अनुदानित. सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक. खोल्या त्याच, मुलं वेगळी. अशा एकूण बारा खोल्या. संस्थेचा जमाखर्च मी पाहतो, त्यामुळे या पैशांचं अंदाजपत्रक करायचं काम माझ्याकडे आलं. मुंबईतल्या बऱ्याच शाळांपुढे आज हाच प्रश्न आहे, म्हणून माझं मत इथे सविस्तर मांडतो. या रकमेत बारा वर्ग करू नयेत. आठ करावेत, तेही दोन वर्षांत चार-चार करून.

आमच्याकडे आलेल्या दरपत्रकांत ६५ इंची टच पॅनल भिंतीवर बसवून, जीएसटीसकट, साधारण सव्वा लाखाला पडतो. बारा पॅनल म्हणजे १५ लाख. वायरिंग, यूपीएस आणि नेटवर्क धरलं की उरलेले पाच लाखही संपतात. उद्घाटनाच्या दिवशी बाराही वर्ग झगमगतील आणि खात्यात शिल्लक शून्य असेल. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला, चौथ्या वर्षीच्या बॅटऱ्यांना, वॉरंटी संपल्यावरच्या दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे? वेतनेतर अनुदानावर अवलंबून राहता येत नाही आणि देणगीदार दुरुस्तीसाठी क्वचितच पैसे देतात. नव्या वस्तूवर नाव लागतं, बदललेल्या पॉवर बोर्डावर लागत नाही.

सरकारी निकष पाहिले तरी हेच दिसतं. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या आयसीटी प्रयोगशाळेसाठी एकरकमी ६ लाख ४० हजारांपर्यंत आणि चालू खर्चासाठी दरवर्षी २ लाख ४० हजारांपर्यंत अशी पाच वर्षांची तरतूद आहे. पाच वर्षांचा चालू खर्च होतो १२ लाख, म्हणजे उभारणीच्या जवळपास दुप्पट. त्यात वीज, इंटरनेट, ई-साहित्य सगळं धरलेलं आहे. आपण मात्र खासगी देणगी आली की आकडा फक्त उभारणीचा मांडतो.

आता माझा हिशेब. पहिल्या वर्षी चार पॅनल, ५ लाख. वायरिंगला दीड लाख, कारण मीटरपासूनची मुख्य केबल पुढच्या सगळ्या वर्गांचा भार धरून आत्ताच जाड टाकायची, खोल्यांतलं काम मात्र चारच खोल्यांचं. चार यूपीएस ३२ हजार, नेटवर्क ५० हजार, प्रशिक्षण १ लाख, वीज-इंटरनेट-किरकोळ ४० हजार. एकूण ८ लाख ७२ हजार. दुसऱ्या वर्षी पुढचे चार पॅनल ५ लाख, यूपीएस ३२ हजार, खोल्यांचं वायरिंग ४० हजार, नेटवर्क २० हजार, प्रशिक्षण ६० हजार आणि आठ वर्गांचा चालू खर्च ८० हजार, मिळून ७ लाख ३२ हजार. दोन वर्षांत १६ लाख ४ हजार गेले, ३ लाख ९६ हजार उरले.

ही उरलेली रक्कम मुदत ठेवीत ठेवून तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी वापरायची. वीज १६ हजार, इंटरनेट १५ हजार, केबल-पेन वगैरे १४ हजार आणि नव्याने आलेल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाला २५ हजार असे दरवर्षी ७० हजार लागतील. वीज अनेकांना फार मोठी वाटते, पण ती तशी नाही. २०० वॅटचा पॅनल दिवसाला पाच तास, २०० दिवस चालला तर २०० युनिट होतात, आणि आठ पॅनलचे १,६००. खरा भार देखभाल कराराचा आहे. वॉरंटी तीन वर्षांची आहे, म्हणून चौथ्या वर्षी पहिल्या चार पॅनलचा करार करावा लागेल. किमतीच्या आठ टक्के धरले तर ४० हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७ हजार २००. शाळेला इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे भरलेला कर हा सरळ खर्चच. त्याच वर्षी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायला साधारण २४ हजार. पाचव्या वर्षी आठही पॅनल करारात येतील, ९४ हजार ४००. तिन्ही वर्षांची बेरीज ३ लाख ७५ हजार ६००. वीस हजारांच्या आसपास शिल्लक राहते, आणि एक मोठा बिघाड झाला तर तीही जाईल. इतकं काटेकोर आहे हे. आठ वर्ग पाच वर्षं जेमतेम बसतात, बारा बसतच नाहीत.

यात जुने पॅनल बदलण्याचा निधी नाही, हे देणगीदारांनाही स्पष्ट सांगितलं आहे. सात-आठ वर्षांनी ते बदलावे लागणारच, त्यासाठी संस्थेने आजपासून वेगळं खातं उघडावं असा माझा आग्रह आहे. उरलेले चार वर्गही नवीन पैसे आले तरच.

बैठकीत एका माजी विद्यार्थ्याने विचारलं, "चारच वर्गांत लावलं तर बाकीच्या मुलांनी काय करायचं? सगळ्यांना सारखं मिळायला नको का?" प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर वेळापत्रकात आहे. दोन तुकड्यांनी त्या तासापुरती खोलीची अदलाबदल करायची. भूमिती, विज्ञान आणि भूगोलाचे ठरावीक तास पॅनलच्या खोलीत, भाषेचे आपल्या खोलीत. आठवड्याला खोलीमागे ४० तास धरले तर चार खोल्यांचे १६० होतात, म्हणजे एका सत्रातल्या बारा तुकड्यांना प्रत्येकी तेरा. आमच्या मुख्याध्यापिका बाईंची हरकत अशी की ये-जा करण्यात पाच मिनिटं जातात आणि जिन्यात गोंगाट होतो. खरं आहे ते. म्हणून अदलाबदल एकाच मजल्यावरच्या खोल्यांत ठेवायची आणि पॅनलही त्या हिशेबाने मजल्यांवर वाटायचे असं ठरलं.

पॅनल यायच्या आधी भिंत आणि वीज तपासावी लागते. ६५ इंची पॅनल ४० किलोच्या आसपास असतो. जुन्या इमारतीत दोन वर्गांमधली भिंत कधी कधी नुसती पार्टिशनची असते, तिथे अँकर बोल्ट धरत नाहीत. बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते, त्यामुळे तिथेही नको. ऑगस्टमध्ये ज्या भिंतीचा पोपडा सुटतो ती ओळखायला इंजिनिअर लागत नाही, शिपाईकाकांना विचारलं तरी ते सांगतात. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यायचं. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज तीनच्या वर असेल तर आधी ते दुरुस्त करायचं. खराब अर्थिंगने बोर्ड जळला तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते.

मग खडू. बहुतेक पॅनलमध्ये चौकटीच्या आतल्या कडेला इन्फ्रारेडचे दिवे आणि सेन्सर असतात, आणि बोटाने किरण अडला की त्याला स्पर्श कळतो. शेजारीच फळा असेल तर खडूची धूळ त्या कडेवर बसते. मग ओढलेली रेघ दर वेळी एकाच ठिकाणी तुटते, किंवा कुणी हात न लावता पडद्यावर आपोआप क्लिक होतात. अशी तक्रार आली की आधी कोरड्या मायक्रोफायबर कापडाने आतली कड पुसायची, पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं. हे माहीत नसलेल्या शाळा तंत्रज्ञ येईपर्यंत आठवडाभर पॅनल बंद ठेवतात. आमच्या अंदाजपत्रकात म्हणूनच त्या चार खोल्यांना पांढरे मार्कर बोर्ड धरले आहेत, आणि मार्करचा खर्च किरकोळीत.

प्रशिक्षणाच्या १ लाखावर सगळ्यात जास्त वाद झाला. "कंपनीचा माणूस येऊन फुकट दाखवून जातो की," असं एका सदस्याचं म्हणणं. तो दोन तासांत पन्नास बटणं दाखवतो. सोमवारी सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवायला उभ्या राहिलेल्या बाईंना त्यातलं एकही आठवत नाही. मग पेनड्राइव्ह लावून व्हिडिओ सुरू होतो, आणि सव्वा लाखाच्या पॅनलचा टीव्ही होतो. आमचा बेत असा आहे: दोन्ही सत्रांतून दोन-दोन शिक्षक मार्गदर्शक म्हणून निवडायचे, त्यांना मानधन द्यायचं, आणि वर्षभर दर शनिवारी एक तास विषयवार बसायचं. प्रत्येकाने स्वतःचा एक पाठ तयार करून सहकाऱ्यांसमोर घ्यायचा, आणि तो इंटरनेट बंद ठेवून. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून ठेवता येतात, दीक्षा अॅपमधलं साहित्यही ऑफलाइन वापरता येतं. जुलैत एखाद्या दुपारी नेट गेलं की वर्ग अडू नये, एवढी तयारी हवी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे, तो वेळ इथेच सत्कारणी लागेल.

दुसरा टप्पा आपोआप सुरू होणार नाही, ही अट मी लेखी घातली आहे. प्रत्येक पॅनलशेजारी एक वही राहील. तारीख, तास, विषय, काय वापरलं, आणि बिघाड झाला तर तक्रार कधी केली, दुरुस्त कधी झाला. फेब्रुवारीत या वह्या कार्यकारिणीसमोर येतील. एखाद्या खोलीत वापर सतत दोन-तीनच शिक्षकांचा दिसला, तर नवीन पॅनलआधी त्या सत्राचं प्रशिक्षण वाढवायचं. तक्रारींची दुरुस्ती आठवड्याच्या आत होत नसेल तर पुढचे चार पॅनल दुसऱ्या विक्रेत्याकडून घ्यायचे. सगळी खरेदी एकदम केली तर हा धाक आपल्या हातात राहत नाही.

ज्यांच्या शाळेत अशी खरेदी व्हायची आहे, त्यांनी ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात. एक, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून न धरता वर्गात बसवून चालू केल्याच्या तारखेपासून. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून माल आणला आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर बसवला, तर अडीच-तीन महिने फुकट जातात. दोन, चौथ्या आणि पाचव्या वर्षीच्या देखभाल कराराचा दर आजच, सुट्या भागांसकट. खरेदी झाल्यावर तोच विक्रेता वेगळा दर सांगतो. तीन, काच फुटली तर काय. ती वॉरंटीत आणि करारात बहुधा नसते, त्यासाठी विमा लागतो. आम्ही अजून विम्याचे दर मागवतोय. मुंबईतल्या कुठल्या शाळेने पॅनलचा विमा घेतला असेल तर हप्ता किती पडतो आणि दावा खरोखर मंजूर होतो का, हे खाली कळवा. अंदाजपत्रक कार्यकारिणीपुढे ठेवण्याआधी मला तो आकडा त्यात घालायचा आहे.