अंडरस्कोअर नावाची रिकामी खुर्ची

आमच्या सिस्टीममधले प्रॉडक्ट कोड ज्याने कोणी ठरवले त्याला अंडरस्कोअर भलताच प्रिय असणार. C_10, C_10_R, असलेच सगळे. शेजारी जुने C-10, C110, CX10 पण सुखाने नांदतायत. त्यामुळे गोडाऊनवाल्यांनी C_10 शोधलं की ही सगळी वरात हजर, आणि घाईत पहिल्या ओळीवर क्लिक केलं की माल भलताच निघतो.

क्वेरी बघितली तर दिसायला अगदी सज्जन:

```
WHERE code LIKE '%' || :q || '%'
```

सहकारी म्हणाला, "अरे पॅरामीटर वापरलाय की!" हो बाबा, त्यामुळे कोणी आपलं टेबल उडवणार नाही एवढं खरं, पण LIKE ला त्याचं काय, त्याच्या हातात मजकूर पडला की तो % म्हणजे कितीही अक्षरं (शून्यसुद्धा) आणि _ म्हणजे रिकामी खुर्ची, कोणीही एकाने येऊन बसा, असंच वाचतो. मग तिथे X बसतो, 1 बसतो, डॅश पण बसतो.

आणि % तर महाडांबिस. कोणी 50% शोधलं तर 50 शोधल्यावर येतात तेच रिझल्ट येतात, कारण शेवटी आपण एक % आधीच चिकटवलाय, त्यामुळे इतके दिवस कुणाला पत्ताच नाही. खात्री करायची असेल तर सर्चमध्ये नुसता _ टाकून बघा, सगळा स्टॉक बाहेर आला की समजायचं.

यावर उपाय असा की ही चिन्हं एस्केप करायची आणि एस्केपचं चिन्ह कुठलं ते डेटाबेसला स्पष्ट सांगायचं. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल न सांगता बॅकस्लॅश धरतात, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर काहीच धरत नाहीत, म्हणून मी सरळ ! घेतला:

```
q.replace('!','!!').replace('%','!%').replace('_','!_')
... LIKE '%' || :q || '%' ESCAPE '!'
```

सहकाऱ्याने हेच आधी केलं होतं, फक्त ! चं डबलिंग शेवटी ठेवलं होतं. मग C_10 चं आधी C!_10 झालं आणि त्याचं C!!_10, म्हणजे खरोखरचा ! असलेला कोड शोधा आणि पुढची खुर्ची परत रिकामीच! कालपर्यंत सगळं येत होतं, आता काहीच येईना. आणि एसक्यूएल सर्व्हर असेल तर [ पण एस्केप करावा लागतो, त्याचे नखरे वेगळे.

आता C_10 टाकलं की C_10 आणि C_10_R एवढेच येतात. मी खूश. तेवढ्यात अकाउंट्समधून फोन, "तुम्ही सर्च बिघडवलात का हो? आम्ही C%R टाकून सगळे R वाले काढायचो, ते बंद झालंय!"