नक्की कोण करणार? एका मेलमधलं 'मी' आणि 'आम्ही'

"मामा, जर्मनीच्या कस्टमरला तक्रारीचं उत्तर लिहायचं होतं. 'आय' लिहिलं तर आमचे मॅनेजर म्हणतात, एवढं मिरवू नको, सगळं 'वी' कर. 'वी' केलं तर कस्टमर विचारतो, नक्की कोण करणार? कुठं काय लिहू?" – भाची, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला

तुझा मेल वाचला. इंग्रजीतला होता, पण मराठीत सांगायचा तर असा: "तक्रार मिळाली. आम्ही माल तपासला. आमच्या कोअरमध्ये अडचण सापडली. आम्ही लवकरच उपाय करू आणि आम्ही बदली माल पाठवू." यातले 'आम्ही' एक नाहीत. माल तपासणारे तू आणि तुझा इन्स्पेक्टर. अडचण सापडली ती कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे करणाऱ्या कोअर शॉपच्या मिस्त्रींना. उपाय करणार प्रॉडक्शन, आणि बदली माल द्यायचा की नाही ते मालक ठरवणार. स्टुटगार्टजवळ बसून पुरवठादारांचे असले मेल मी रोज वाचतो. मला त्या चौघांतलं कुणीच दिसत नाही.

हे होतं कसं, तर डोक्यात वाक्य मराठीत तयार होतं. "तपासलं, सापडलं, उद्या पाठवतो." यात कर्ता लागतच नाही. 'पाठवतो' हे एकट्यालाही चालतं आणि दहा जणांनाही. आपल्याकडं तर बायकाही 'पाठवतो' म्हणतात, म्हणजे तीही खूण गेली. शॉपमध्ये त्यानं काही अडत नाही, कारण कोण काय करतंय ते सगळ्यांना दिसत असतं. इंग्रजीला मात्र कर्ता हवाच, आणि संकोची माणूस तिथं 'वी' टाकून मोकळा होतो. म्हणून मेल सुधारताना आधी 'मी' की 'आम्ही' असा विचार करू नकोस. एकेक क्रियापद घे आणि विचार, हे कुणी केलं? कुणी करणार? उत्तर आपोआप येतं.

तुझ्याच प्रकरणात बघ. पंपाची हाउसिंग इथं मशीनवर लावली आणि बोअरमध्ये ब्लोहोल, म्हणजे अडकलेल्या गॅसचे पोकळ खड्डे, उघडे पडले. मी तो मेल असा लिहिला असता:

"तक्रारीतल्या दोन हीटमध्ये ओतलेला आणि आमच्याकडं शिल्लक असलेला सगळा माल मी आज लाल टॅग लावून बाजूला ठेवला आहे. कोअर शॉपच्या मिस्त्रींनी त्याच दिवशीचे उरलेले कोअर फोडून पाहिले. जोडायच्या पेस्टनं व्हेंट बुजल्याचं त्यांना आढळलं. त्यामुळं गॅस बाहेर न जाता धातूत अडकला असावा, असा आमचा अंदाज आहे. व्हेंट मोकळे ठेवून ओतलेली हाउसिंग कापून पाहून मी गुरुवारपर्यंत निकाल कळवते. बदली माल आणि खर्च याबद्दल कंपनी वेगळं उत्तर देईल."

दोन 'मी' आहेत. पहिल्यात टॅगवर तुझी सही आहे, दुसऱ्यात तारीख आहे. गुरुवारी निकाल आला नाही तर फोन कुणाला लावायचा ते मला कळतं. शोध मिस्त्रींचा, तो त्यांच्याच पदरात टाकला. तिथं 'मी' लिहिलं असतं तर ती बढाईच झाली असती, आणि 'आम्ही' लिहिलं असतं तर त्यांचं श्रेय सगळ्यांत विरघळलं असतं. अंदाज 'आमचा', कारण तो तुम्ही तिघांनी बसून बांधलाय आणि अजून सिद्ध झालेला नाही.

तुझे मॅनेजर अर्धे बरोबर आहेत, तेही शेवटच्या वाक्यापुरते. "माझी चूक झाली, भरपाई देते" असं तू लिहिलंस तर तोच मेल जोडून इकडून डेबिट नोट जाईल. पैसे, गॅरंटी, डिलिव्हरीची नवी तारीख यांवर शब्द द्यायचा अधिकार तुझा नाही, म्हणून तिथं 'मी' नकोच. पण तीच सावधगिरी ते लाल टॅगलाही लावतात, तिथं चुकतात. त्यांना त्यांचाच एट-डी, म्हणजे तक्रार आठ पायऱ्यांत सोडवायचा, फॉर्म दाखव. फोर्डनं 1987 मध्ये ही पद्धत मांडली तीच मुळी टीमनं प्रश्न सोडवण्याची म्हणून. पहिल्या पायरीत टीमची नावं, आठव्या पायरीत टीमचे आभार. आणि मधल्या उपायांच्या तक्त्यात 'जबाबदार' या रकान्यात एका माणसाचं नाव आणि तारीख. त्या रकान्यात 'क्वालिटी डिपार्टमेंट' लिहून आलेला फॉर्म माझी इथली सहकारी न वाचता परत पाठवते. तिला तुमच्या नम्रतेशी देणंघेणं नाही, फोन कुणाला करायचा तेवढं हवं असतं.

घरच्या ग्रुपवर तुझ्या प्रश्नाचं काय झालं ते तू पाहिलंसच. खानापूरचे थोरले काका म्हणाले, 'आम्ही' सोडू नको पोरी, 1956 पासून सीमाभाग 'आम्ही' म्हणूनच उभा आहे! काकांना प्रश्न कळला नाही, पण त्यांचं उदाहरण कामाचं आहे. निवेदनावर सह्या जितक्या जास्त तितकं वजन जास्त, तिथं 'आम्ही'च हवं. तक्रारीच्या उत्तराचं वजन नेमका माणूस सापडण्यात असतं. पुण्याचा आपला आयटीवाला त्याच्या अप्रेझलचं रडगाणं घेऊन बसला, की सगळीकडं 'आम्ही' लिहून त्याचं प्रमोशन गेलं. तिथं विचारलेलंच असतं की तू काय केलंस, मग 'आम्ही मॉड्यूल बांधलं' हे उत्तर होत नाही. त्यातला कुठला तुकडा त्याचा होता, ते त्यानं लिहायला हवं होतं.

आणि 'तिकडं परदेशात सगळे मी-मी करतात' हा घरचा लाडका समज. जर्मन पुरवठादार कंपनीतर्फे लिहिताना अनेकवचनच वापरतात, तेही सर्रास. टेक्सास विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी पत्रव्यवहार आणि संभाषणं मोजून पाहिली, तेव्हा दोघांत ज्याचं पद वरचं तो 'मी' कमी वापरतो आणि खालचा जास्त, असं दिसलं. तेव्हा मेलमधले 'मी' मोजून कुणाचा तोरा कळत नाही. तोरा असतो "मी वेळीच लक्ष घातल्यानं मोठं नुकसान टळलं" या वाक्यात. ते मोठं होतं का आणि तुझ्यामुळंच टळलं का, हे कुणी तपासू शकत नाही. "मी दोन हीट बाजूला काढल्या" हे गोडाऊनमध्ये जाऊन मोजता येतं. त्यात कितीही 'मी' आले तरी कुणी नाक मुरडणार नाही, निदान इथं तरी.

एक गोष्ट मात्र माझ्यानं सुटत नाही. तू सांगितलंस की मिस्त्री म्हणतात, शोधात माझं नाव घालताय तर पेस्ट जास्त लागली तिथंही घाला, कोअर माझ्याच शॉपचे होते. मॅनेजरना शॉपमधल्या माणसाचं नाव कस्टमरपर्यंत जायलाच नकोय. माझा कल असा की चूक सांगणाऱ्या वाक्यात माणूस नको, प्रक्रिया हवी: "पेस्ट किती लावायची याचं माप ठरलेलं नव्हतं." ते खरंही आहे, कारण माप ठरवणं हे मिस्त्रींचं एकट्याचं काम नव्हतं. पण मिस्त्रींना ते पटत नाही. त्यांच्या मते असं लिहिणं म्हणजे त्यांना बाजूला काढणं. आता त्यांच्याशी तूच बोल, आणि गुरुवारच्या मेलमध्ये काय लिहिलंस ते मला कळव.